गणिती विगमन: पाया, पायरी आणि ‘साध्यच गृहीत धरलं की’ हा आक्षेप (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

अकरावीला इंडक्शन, म्हणजेच गणिती विगमन, शिकवताना पहिल्या तासाला हमखास एक हात वर होतो. ‘सर, P(k) खरं मानायचं आणि मग P(k + 1) सिद्ध करायचं? ही तर फसवणूक झाली!’ (इथं P(k) म्हणजे k या संख्येबद्दलचं विधान.) हात वर करणारा मुलगा किंवा मुलगी वर्गातली हुशार असते, हा माझा अनुभव. ज्यांना शंका येत नाही ते पाठ केलेल्या तीन ओळी लिहून मोकळे होतात आणि पुढे नेमक्या त्याच ओळींत अडकतात. खालचे प्रश्न अशाच शंकांमधून आणि तपासलेल्या वह्यांमधून जमले आहेत. बहुतेक सगळे एकाच मुद्द्याभोवती फिरतात: गृहीतक कुठं संपतं आणि साध्य कुठं सुरू होतं.

P(k) खरं मानणं म्हणजे जे सिद्ध करायचं तेच मानणं नाही का?

नाही, कारण आपलं साध्य P(k) नाहीच. साध्य आहे ‘प्रत्येक n साठी P(n) खरं’. आणि विगमनाच्या पायरीत तर आपण याहून बरंच लहान काहीतरी सिद्ध करतो: ‘जर P(k) खरं असेल, तर P(k + 1) खरं असतं.’ हे जर-तरचं विधान आहे. ‘उद्या पाऊस पडला तर सामना रद्द होईल’ असं म्हणणारा माणूस उद्या पाऊस पडणार असं सांगत नसतो. तो फक्त दोन गोष्टींमधला दुवा सांगतो. पाऊस पडो न पडो, दुवा खरा असू शकतो.

पंगत डोळ्यांसमोर आणा. प्रत्येकानं कबूल केलंय की, ‘माझ्यापर्यंत निरोप आला तर मी तो शेजारच्याला सांगेन.’ सगळ्यांनी कबूल केलं म्हणून निरोप पोचला असं होत नाही. तो कुणीतरी पहिल्या पानावरच्या माणसाच्या कानात सांगावा लागतो. कानात सांगणं म्हणजे पाया, शेजाऱ्याला सांगण्याचं वचन म्हणजे पायरी. दोन्ही असतील तर सत्तेचाळिसाव्या पानापर्यंत निरोप जाणार याची खात्री देता येते, आणि ती देताना ‘सगळ्यांना निरोप आधीच माहीत आहे’ असं कुठंही म्हणावं लागत नाही.

शाळेच्या भूमितीत आपण प्रमेय लिहिताना ‘पक्ष’, ‘साध्य’ आणि ‘सिद्धता’ असे तीन भाग पाडायचो. ती सवय इथं फार उपयोगी आहे. विगमनाच्या पायरीचा पक्ष P(k), साध्य P(k + 1). साध्यातला एखादा तुकडा पक्षात शिरला की वर्तुळ झालं. आपल्या जुन्या तर्कशास्त्रात या चुकीला ‘आत्माश्रय’ म्हणतात, म्हणजे स्वतःच्याच खांद्यावर उभं राहणं.

मग गृहीतक नेमकं कोणत्या शब्दांत लिहायचं?

‘k ही कोणतीही एक नैसर्गिक संख्या घ्या (k ≥ 1) आणि त्या k साठी P(k) खरं आहे असं माना.’

यातला ‘त्या’ महत्त्वाचा. वह्यांमध्ये बहुतेकदा दिसतं ते असं: ‘समजा, सर्व k साठी P(k) खरं आहे.’ वाचताना फरक जाणवतही नाही, पण दुसऱ्या वाक्यानं सगळं साध्यच पक्षात आणून बसवलं. सर्व k साठी खरं असेल तर k + 1 साठीही आहेच, मग सिद्ध करायला उरलं काय?

आपण नेमके कुठं आहोत हे ओळखायला मी मुलांना एक युक्ती देतो. तुमच्या सिद्धतेचा सांगाडा तसाच ठेवा आणि विधान धडधडीत खोटं घ्या. उदाहरणार्थ ‘प्रत्येक नैसर्गिक संख्या सम असते.’ आता लिहा: ‘समजा, सर्व k सम आहेत. k + 1 हीसुद्धा नैसर्गिक संख्या आहे, म्हणून तीही सम.’ पायरी झाली! जो सांगाडा खोट्या विधानाची पायरीही इतक्या सहज पार करून देतो, तो खऱ्या विधानासाठीही काही कामाचा नाही. हेच ‘त्या एका k साठी’ म्हणून करून पाहा. k = 2m मानलं की k + 1 = 2m + 1 होतं, आणि ते विषम आहे. पायरी जागीच अडकते, जशी अडकायला हवी.

एक उदाहरण पूर्ण सोडवून दाखवाल?

विधान P(n): 4ⁿ + 15n − 1 ला 9 ने पूर्ण भाग जातो, n ≥ 1.

पाया: n = 1 ठेवा. 4 + 15 − 1 = 18, आणि 18 = 9 × 2. म्हणून P(1) खरं.

पायरी: k ≥ 1 ही एक संख्या घ्या. पक्ष असा की 4ᵏ + 15k − 1 = 9m, जिथं m पूर्णांक आहे. साध्य असं की 4ᵏ⁺¹ + 15(k + 1) − 1 ही 9 ची पट आहे.

इथं थोडं थांबू. साध्यातली राशी समोर आहे, पण ती 9 ची पट आहे हे अजून आपल्याला माहीत नाही. माहीत आहे ते फक्त पक्षातलं, आणि त्यावरून 4ᵏ = 9m − 15k + 1 मिळतं. ही किंमत वापरून राशी फक्त उलगडायची:

4ᵏ⁺¹ + 15(k + 1) − 1
= 4 · 4ᵏ + 15k + 14
= 4(9m − 15k + 1) + 15k + 14
= 36m − 60k + 4 + 15k + 14
= 36m − 45k + 18
= 9(4m − 5k + 2)

कंसातली संख्या पूर्णांक आहे, म्हणून P(k + 1) खरं. पाया आणि पायरी मिळून प्रत्येक n ≥ 1 साठी P(n) खरं.

गृहीतक नेमकं एकदाच वापरलं, दुसऱ्या ओळीवरून तिसरीवर जाताना. स्वतःची सिद्धता लिहून झाली की ती जागा पेन्सिलीनं अधोरेखित करा. ती सापडली पाहिजे, आणि तिथं k च असला पाहिजे. अधोरेखित ओळीत k + 1 दिसला, म्हणजे ‘P(k + 1) वरून’ असं काही लिहिलेलं आढळलं, तर वर्तुळ तिथंच आहे.

मी P(k + 1) लिहून दोन्ही बाजू सोडवत गेले आणि शेवटी 0 = 0 आलं. गुण का कापले?

ही चूक सगळ्यांत जास्त वेळा दिसते आणि बहुतेकदा मुलांना ती चूक वाटतच नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

समजा 1 + 3 + 5 + … + (2n − 1) = n² सिद्ध करायचं आहे. हेच विधान सिसिलीतल्या फ्रांचेस्को माउरोलिको यांनी १५७५ साली छापलेल्या अंकगणिताच्या ग्रंथात मांडलं होतं आणि विगमनाच्या इतिहासात त्याचा उल्लेख नेहमी होतो. वहीत असं येतं:

1 + 3 + … + (2k − 1) + (2k + 1) = (k + 1)²
k² + 2k + 1 = k² + 2k + 1
0 = 0, म्हणून सिद्ध.

पहिल्या ओळीत जे लिहिलं तेच साध्य होतं. ते खरं आहे असं धरूनच खाली उतरत गेलो आणि एका खऱ्या गोष्टीपाशी पोचलो. पण खोट्या गोष्टीवरूनही खऱ्या गोष्टीपाशी पोचता येतं. −1 = 1 लिहा आणि दोन्ही बाजूंचा वर्ग करा, 1 = 1 मिळतं. म्हणून −1 आणि 1 समान झाले का? शेवट खरा निघाला यावरून सुरुवात खरी ठरत नाही.

दुरुस्ती मात्र अगदी छोटी आहे. एकाच बाजूपासून निघा आणि दुसऱ्या बाजूपर्यंत चालत जा:

डावी बाजू = [1 + 3 + … + (2k − 1)] + (2k + 1)
= k² + (2k + 1) … (गृहीतकावरून)
= (k + 1)² = उजवी बाजू

आकडेमोड तीच, पण आता प्रत्येक ओळ आधी माहीत असलेल्या गोष्टीवर उभी आहे. कच्च्या कागदावर साध्यापासून उलटं सोडवायला माझी काही हरकत नाही. मीही तसंच करतो. पण वहीत उतरवताना त्या ओळी खालून वर वाचून पाहा. प्रत्येक पाऊल उलट दिशेनंही टिकत असेल तरच ती सिद्धता. वर्ग केला असेल, शून्य असू शकणाऱ्या राशीनं गुणलं असेल, असमानतेत काही सोडून दिलं असेल, तर परतीची वाट बंद झालेली असते.

पाया म्हणजे नुसती औपचारिकता नाही का? n = 1 तर नेहमी बरोबरच येतं.

हे विधान घ्या: 1 + 2 + … + n = (2n + 1)²/8.

पायरी करून पाहू. k साठी खरं मानलं तर k + 1 पदांची बेरीज

(2k + 1)²/8 + (k + 1) = (4k² + 4k + 1 + 8k + 8)/8 = (4k² + 12k + 9)/8 = (2k + 3)²/8

आणि 2k + 3 म्हणजे 2(k + 1) + 1. पायरी निर्दोष आहे. कुठलंही वर्तुळ नाही, कुठलीही लबाडी नाही. तरीही विधान एकाही n साठी खरं नाही. 2n + 1 विषम, तिचा वर्ग विषम, त्याला 8 ने भाग जाणार कसा? n = 1 ठेवल्यावर डावीकडे 1 आणि उजवीकडे 9/8 येतं.

पंगतीत सगळे वचनाला जागणारे आहेत, पण निरोप कुणी दिलाच नाही. म्हणून पाया लिहिताना ‘n = 1 साठी स्पष्टच आहे’ असं लिहून पुढं जाऊ नका. डावी बाजू वेगळी काढा, उजवी बाजू वेगळी काढा, मग समान आहेत म्हणा. पायातही हीच वर्तुळाची चूक होते: ‘1 = 1² म्हणून 1 = 1’ असं लिहिणाऱ्यानं डाव्या बाजूला किती पदं आहेत हे पाहिलेलंच नसतं. डाव्या बाजूची बेरीज n पासून 2n पर्यंत असेल तर n = 1 ला दोन पदं येतात, आणि हे नजरेतून हमखास सुटतं.

पाया n = 1 वरच घ्यायचा असा नियम आहे का?

नाही. विधान जिथून खरं आहे तिथून. पण पाया आणि पायरी एकमेकांना चिकटल्या पाहिजेत, आणि 2ⁿ > n² या असमानतेत ते छान दिसतं.

पायरी: 2ᵏ > k² मानलं तर 2ᵏ⁺¹ = 2 · 2ᵏ > 2k². आता 2k² ≥ (k + 1)² हवं, म्हणजे k² − 2k − 1 ≥ 0, म्हणजे (k − 1)² ≥ 2. हे k ≥ 3 पासून खरं आहे.

पायरी 3 पासून चालते म्हणून पाया 3 वर घ्यायचा? 2³ = 8, 3² = 9. खोटं. n = 4 ला 16 आणि 16, समान, तेही चालत नाही. n = 5 ला 32 > 25. इथं पाया मिळाला, आणि 5 पासून पुढं पायरी चालतेच, म्हणून n ≥ 5 साठी विधान सिद्ध.

गंमत अशी की n = 1 लाही 2 > 1 खरं आहे. एखाद्यानं घाईत n = 1 वर पाया घेतला आणि पायरीत ‘k ≥ 3 असल्यामुळे’ असं मधेच लिहिलं, तर दोन्ही भाग सुटे सुटे बरोबर आणि सिद्धता मात्र तुटलेली. 1 वरून 2 वर नेणारी पायरीच नाही, आणि n = 2 ला 4 > 4 खोटंच आहे. पायरी सिद्ध करताना k वर जी अट लागली ती पायाच्या संख्येलाही लागू होते का, हे शेवटी एकदा मागं वळून पाहायचं.

पाया बरोबर, पायरीही बरोबर दिसते, पण निष्कर्ष हास्यास्पद. चूक कुठं?

या कोड्यात नेहमी घोडे येतात. मी आंबे घेतो. दावा: कोणत्याही पेटीतले सगळे आंबे एकाच जातीचे असतात.

पाया: पेटीत एकच आंबा. तो स्वतःच्याच जातीचा. पायरी: k आंब्यांच्या प्रत्येक पेटीसाठी दावा खरा माना. आता k + 1 आंब्यांची पेटी घ्या. पहिला आंबा बाजूला ठेवला, उरले k, ते सगळे एका जातीचे. तो परत ठेवून शेवटचा काढला, पुन्हा उरले k, तेही एका जातीचे. मधले आंबे दोन्ही वेळा पेटीत होते, म्हणून दोन्ही जाती एकच. झालं, हापूस आणि पायरीत काही फरक उरला नाही. (पायरी नावाच्या आंब्याला या पानावर जरा जपून वापरावं लागतं.)

इथं वर्तुळ नाही. गृहीतक k साठीच वापरलंय आणि पायाही खरा आहे. चूक ‘मधले आंबे’ या शब्दांत आहे. k + 1 = 2 असेल तर पहिला काढल्यावर फक्त दुसरा उरतो आणि दुसरा काढल्यावर फक्त पहिला. मधे कुणीच नाही. 2 वरून 3 वर, 3 वरून 4 वर, सगळीकडे युक्तिवाद चालतो. फक्त 1 वरून 2 वर जाणारा दुवा निसटलेला आहे, आणि तेवढ्यानं सगळी साखळी पायापासून सुटते.

म्हणून सर्वसाधारण k साठी लिहिलेली पायरी पूर्ण झाली की तिच्यात k च्या जागी पायाची संख्या ठेवून ती एकदा शब्दशः वाचा. दोन मिनिटं लागतात. निसटलेला दुवा बहुतेक वेळा पहिल्याच उडीत सापडतो.

गृहीतक अपुरं पडतंय असं वाटलं तर? ‘थोडंसंच वाढतंय, म्हणून चालेल’ असं म्हणता येतं का?

1 + 1/4 + 1/9 + … + 1/n² < 2 हे विधान पाहा. खरं आहे. पायरीत मानलं की k पदांची बेरीज 2 पेक्षा लहान. आता त्यात 1/(k + 1)² मिळवायचं. बेरीज 2 च्या किती खाली होती हे गृहीतक सांगतच नाही. ती 2 ला जवळपास टेकलेलीही असू शकते. इथं मुलं लिहितात, ‘मिळवलेली संख्या फार लहान आहे, म्हणून बेरीज 2 च्या खालीच राहील.’ राहील हे कशावरून? विधान खरं आहे हे आधीच ठाऊक असल्यावरून! साध्य असं मागच्या दारानं आत येतं, आणि ‘समजा सर्व k साठी’पेक्षा हे पकडणं कठीण, कारण इथं कुठलंच वाक्य उघडपणे चुकीचं दिसत नाही.

उपाय विचित्र वाटेल: जास्त कठीण विधान सिद्ध करायला घ्या. Q(n): बेरीज ≤ 2 − 1/n. पाया: 1 ≤ 2 − 1, ठीक. पायरीत आता

बेरीज ≤ 2 − 1/k + 1/(k + 1)²

आणि 1/(k + 1)² < 1/(k(k + 1)) = 1/k − 1/(k + 1). हे ठेवलं की बेरीज ≤ 2 − 1/(k + 1). पायरी सुटली, आणि 2 − 1/n हे 2 पेक्षा लहान असल्यानं मूळ विधानही मिळालं.

कठीण विधान सोपं गेलं, कारण सिद्ध करायचं वाढलं तसं हातातलं गृहीतकही वाढलं. विगमनात अडकल्यावर आकडेमोडीशी झुंजण्याआधी विधानच बदलून पाहावं असं माझं मत आहे. पाठ्यपुस्तकात विधान तयार मिळतं म्हणून ही सवय लागत नाही, एवढीच माझी त्या धड्याबद्दल तक्रार.

प्रबल विगमनात तर P(1) ते P(k) सगळंच मानतात. ते वर्तुळ नाही?

नाही, कारण मानतो ते सगळं k किंवा त्याखालचं असतं. k + 1 त्यात नाही. जे मागं पडलं त्यावर हवं तितकं टेका, पुढच्याला हात लावायचा नाही.

₹3 आणि ₹5 ची पुरेशी टपाल तिकिटं असतील तर ₹8 पासूनची कोणतीही पूर्ण रुपयांची रक्कम लावता येते, हे घ्या. पायरी अशी: n रुपयांसाठी आधी n − 3 रुपयांची तिकिटं लावा, मग ₹3 चं आणखी एक चिकटवा. पायरी तीन घरं मागं पाहते, म्हणून पायाही तीन संख्यांचा लागतो: 8 = 3 + 5, 9 = 3 + 3 + 3, 10 = 5 + 5. पायरी n ≥ 11 पासून सुरू होते आणि तेव्हा n − 3 किमान 8 असतं. फक्त 8 तपासून थांबलात तर 9 साठी 6 वर आणि 10 साठी 7 वर टेकावं लागेल. 6 निघून जाईल, पण 7 रुपये 3 आणि 5 मधून होतच नाहीत.

वर्तुळाचा धोका इथं वेगळ्या रूपात येतो. ‘1 पेक्षा मोठी प्रत्येक संख्या मूळ असते किंवा मूळ संख्यांचा गुणाकार असते’ याची सिद्धता अशी: n मूळ नसेल तर n = ab, आणि a, b दोन्हींसाठी विधान खरं आहे. पण a आणि b दोन्ही n पेक्षा लहान आहेत हे लिहिलं नाही, तर a = n, b = 1 ही विभागणी कोण अडवणार? मग n साठीचं विधान n वरूनच सिद्ध होतं. 1 < a < n आणि 1 < b < n एवढं लिहिलं की दार बंद. प्रोग्रामिंग करणाऱ्यांना हे लगेच पटतं, कारण त्यांनी ही चूक स्क्रीनवर पाहिलेली असते:

```python
def f(n):
    if n == 1:
        return 1
    return f(n) + 2*n - 1   # इथे f(n - 1) हवं
```

f(1) चालतं. f(2) स्वतःलाच बोलावत बसतं आणि Python शेवटी RecursionError देतं. कागदावर मात्र असा एरर येत नाही. तिथं वाचणाऱ्यालाच तो द्यावा लागतो.

पहिल्या पंचवीस-तीस किमती तपासल्या तर पुरे नाही का?

n² + n + 41 मध्ये n = 0 पासून 39 पर्यंत काहीही ठेवा, मूळ संख्या येते. सलग ४० वेळा. n = 40 ठेवलं की 1681 येते, म्हणजे 41 × 41. शितावरून भाताची परीक्षा स्वयंपाकघरात चालते, कारण एका भांड्यातली शितं एकाच आचेवर शिजतात. संख्यांना तसं काही बंधन नाही.

नावाचा घोळही यातूनच होतो. तर्कशास्त्रात विगमन म्हणजे थोड्या उदाहरणांवरून सर्वसाधारण नियमाकडे जाणं, आणि त्यात चुकण्याची शक्यता असतेच. गणिती विगमन नावापुरतं विगमन आहे. युक्तिवाद म्हणून ते पक्कं निगमन आहे, गृहीतकं खरी तर निष्कर्ष खराच. हे इंग्रजी नाव रुळवण्यात ऑगस्टस डी मॉर्गन यांच्या १८३८ च्या लेखाचा मोठा वाटा आहे. त्यांचा जन्म आपल्याकडचाच, मदुराईचा.

पण हे तत्त्वच खरं कशावरून? ते सिद्ध करताना तेच वापरावं लागत नाही का?

एक गोष्ट मान्य करावी लागते: नैसर्गिक संख्यांच्या कोणत्याही रिकाम्या नसलेल्या संचात सगळ्यांत लहान संख्या असते. आता समजा पाया आणि पायरी दोन्ही सिद्ध आहेत, तरी काही n साठी P(n) खोटं आहे. अशा n मधला सगळ्यांत लहान m घ्या. m = 1 असू शकत नाही, कारण पाया खरा आहे. म्हणून m − 1 ही नैसर्गिक संख्या आहे, आणि m सगळ्यांत लहान अपवाद असल्यानं P(m − 1) खरं आहे. मग पायरीनुसार P(m) खरं. पण ते तर खोटं होतं. विसंगती.

या चार ओळींत विगमन कुठंही वापरलेलं नाही. ‘सगळ्यांत लहान संख्या असते’ हे मात्र कुठून तरी मान्य करावंच लागतं. ज्युसेप्पे पेआनो यांनी १८८९ मध्ये उलट केलं: विगमनालाच नैसर्गिक संख्यांच्या गृहीतकांमध्ये जागा दिली. म्हणजे पेआनोंच्या घरात विगमन सिद्ध करायचं नसतं, नैसर्गिक संख्या म्हणजे काय हे सांगतानाच ते येतं. दोन्ही मांडण्या चालतात. फक्त एकाच बैठकीत विगमनावरून लहानतम संख्येचं तत्त्व आणि त्या तत्त्वावरून विगमन सिद्ध करून ‘दोन्ही सिद्ध झाली’ म्हणू नये.

पायरी सुटली, पण गृहीतक कुठं वापरलं ते सापडतच नाही. वर्तुळ झालं का?

बहुधा नाही. दोन शक्यता आहेत. एक, आकडेमोडीत काही निसटलंय. दोन, विधानाला विगमनाची गरजच नव्हती. ‘n² + n सम असतो’ हे सिद्ध करताना एका विद्यार्थिनीनं पायरीत लिहिलं होतं: (k + 1)² + (k + 1) = (k + 1)(k + 2), लागोपाठच्या दोन संख्यांपैकी एक सम असतेच, म्हणून गुणाकार सम. उत्तर बरोबर, पण P(k) चा कुठं पत्ता नाही. हेच वाक्य k + 1 ऐवजी n साठी लिहिलं असतं, n(n + 1), तर पाया, गृहीतक आणि पायरी सगळं खोडून एका ओळीत काम झालं असतं. मी पूर्ण गुण दिले आणि समासात लिहिलं, ‘वरच्या सात ओळी कशासाठी?’